लोसार्टनमधला एक बंध आणि पॅलॅडियमची फेरी

रक्तदाबावर दिली जाणारी लोसार्टनची गोळी अनेक घरांत असते. तिच्यातल्या रेणूच्या आकृतीत बेंझिनची दोन वलयं एकमेकांना थेट जोडलेली दिसतात. एका वलयावर नायट्रोजनने भरलेलं टेट्राझोल आहे. दुसऱ्या वलयाला एका कार्बनच्या दुव्याने इमिडाझोल लटकलेलं आहे, आणि त्या इमिडाझोलवर एक क्लोरीन आहे. या लेखाचा विषय त्या दोन वलयांमधला एकच बंध आहे. कागदावर तो एक रेघ आहे. प्रयोगशाळेत मात्र ही रेघ ओढायला पॅलॅडियमचा अणू तीन वेळा आपलं रूप बदलतो. ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन, ट्रान्समेटलेशन आणि रिडक्टिव्ह एलिमिनेशन ही एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिकेत हमखास येणारी तीन नावं म्हणजे हेच तीन बदल.

हा बंध अवघड का, ते आधी पाहू. साध्या साखळीतल्या कार्बनवर ब्रोमीन असेल, तर इलेक्ट्रॉन घेऊन येणारा रेणू त्या कार्बनवर मागच्या बाजूने येतो आणि ब्रोमीनला बाहेर ढकलतो. बेंझिनच्या वलयात ती मागची बाजू वलयाच्या पोटातच जाते, म्हणून तिथून कुणी येऊ शकत नाही. ब्रोमीन आधी निघून जाईल आणि जागा मोकळी होईल, तर तेही होत नाही, कारण मागे उरणारा धनभारित फिनाइल आयन फारच अस्थिर असतो. वलयावर नायट्रोसारखे इलेक्ट्रॉन ओढणारे गट असतील तर तिसरी एक वाट उघडते, पण लोसार्टनच्या वलयावर तसं काही नाही. म्हणून कार्बन आणि ब्रोमीन यांच्यामध्ये शिरू शकेल असा एखादा धातू लागतो.

पॅलॅडियम हे काम करतं ते त्याच्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबामुळे. शून्य अवस्थेतल्या पॅलॅडियमच्या डी कक्षकांत दहा इलेक्ट्रॉन असतात आणि त्यातले दोन ते देऊ शकतं. ते दिले की ते अधिक दोन अवस्थेत जातं, आणि परत मिळाले की पुन्हा शून्यावर येतं. हे येणं-जाणं फार ऊर्जा न लागता, पुन्हापुन्हा होऊ शकतं. या धातूची सारी उपयुक्तता एवढ्यात आहे. पुढचं सगळं समजून घेताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा: या क्षणी पॅलॅडियम शून्यावर आहे की दोनवर, आणि त्याच्याभोवती कोण कुठे बसलं आहे? माझ्या मते चांगलं उत्तर आणि पाठ केलेलं उत्तर यांतला फरक इथेच कळतो. फक्त तीन बाण काढलेलं चक्र हा प्रश्न विचारतच नाही.

मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी लोसार्टन बनवण्याची एक पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली. तिच्यात हा बंध सुझुकी-मियाउरा जोडणीने तयार केला आहे. ही जोडणी जपानच्या होक्काइडो विद्यापीठात अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी १९७९ मध्ये मांडली, आणि १९८१ मध्ये ती बेंझिनसारख्या वलयांपर्यंत नेली. सुझुकी, रिचर्ड हेक आणि एइ-इची नेगिशी यांना २०१० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मर्कच्या पद्धतीत जोडायचे दोन तुकडे असे आहेत: एका तुकड्यात इमिडाझोलला जोडलेलं वलय आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला ब्रोमीन आहे. दुसऱ्या तुकड्यात टेट्राझोल असलेलं वलय आहे आणि टेट्राझोलच्या अगदी शेजारच्या कार्बनवर बोरॉनिक आम्ल आहे, म्हणजे दोन हायड्रॉक्सी गट धरलेला बोरॉन. टेट्राझोलच्या नायट्रोजनवर ट्रायटिल हा तीन वलयांचा मोठा गट तात्पुरता बसवलेला असतो. उत्प्रेरक पॅलॅडियमचा, लिगंड ट्रायफिनाइलफॉस्फिन, बेस पोटॅशियम कार्बोनेट, आणि सोबत मोजकं पाणी.

पहिल्या पायरीवर शून्य अवस्थेतलं पॅलॅडियम कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतं. शिरण्याआधी त्याला जागा करावी लागते. चार फॉस्फिन धरून बसलेल्या पॅलॅडियमभोवती अठरा इलेक्ट्रॉन भरलेले असतात, तिथे नव्या पाहुण्याला शिरकाव नाही. दोन फॉस्फिन सुटले की चौदा इलेक्ट्रॉनचा, खरोखर काम करणारा अणू उरतो. तो बंध तोडतो, कार्बन एका बाजूला आणि ब्रोमीन दुसऱ्या बाजूला स्वतःला जोडून घेतो, आणि स्वतः अधिक दोनवर जातो.

```
Ar–Br + Pd(0)L2 → Ar–Pd(II)(Br)L2
```

इथे Ar म्हणजे वलय आणि L म्हणजे फॉस्फिन. पॅलॅडियमने दोन इलेक्ट्रॉन गमावले म्हणून हे ऑक्सिडेशन, आणि दोन नवे जोडीदार चिकटले म्हणून ॲडिशन. तयार झालेला संयुग चौकोनी सपाट असतो. वलय आणि ब्रोमीन आधी शेजारी बसतात, आणि पुढे सहसा समोरासमोरच्या कोपऱ्यांवर सरकतात. ही बसण्याची जागा लक्षात ठेवावी, कारण शेवटच्या पायरीत तिचा हिशेब चुकता करावा लागतो.

आता लोसार्टनमधला क्लोरीन पाहा. त्याच रेणूत ब्रोमीनही आहे आणि क्लोरीनही, तरी पॅलॅडियम ब्रोमीनच निवडतं. बेंझिनच्या वलयावर कार्बन-आयोडीन बंध तोडायला मोलमागे सुमारे ६५ किलोकॅलरी लागतात, कार्बन-ब्रोमीनला सुमारे ८० आणि कार्बन-क्लोरीनला सुमारे ९६. त्यामुळे आयोडाइड सर्वांत आधी, मग ब्रोमाइड, आणि क्लोराइड बरंच मागे असा क्रम ठरतो. ट्रायफिनाइलफॉस्फिन पॅलॅडियमला जेवढे इलेक्ट्रॉन देऊ शकतं तेवढ्यात क्लोरीनचा बंध सहसा तुटत नाही. म्हणून औषधाला हवा असलेला क्लोरीन जोडणीतून सहीसलामत बाहेर येतो. क्लोराइडलाही जोडायचं असेल तर वेगळे लिगंड लागतात. १९९८ मध्ये ग्रेगरी फू आणि त्यांच्या सहकाऱ्याने ट्रायटर्टब्युटिलफॉस्फिन वापरून ते दाखवलं, आणि स्टीफन बकवाल्ड यांच्या गटाने मोठ्या आकाराच्या फॉस्फिनची एक मालिकाच उभी केली. हे लिगंड धातूला भरपूर इलेक्ट्रॉन देतात आणि इतके अवजड असतात की एका पॅलॅडियमवर एकच मावतो. तो एकच लिगंड असलेला धातू कार्बन-क्लोरीन बंधातही शिरतो. लोसार्टनसाठी मात्र अशी ताकद मुद्दाम नको असते. कमी सक्रिय लिगंड निवडणं हाही इथे एक विचारपूर्वक निर्णय आहे.

दुसरी पायरी, ट्रान्समेटलेशन, या फेरीतला खरा विचार करायला लावणारा भाग आहे आणि उत्तरपत्रिकांत तीच सर्वांत घाईने उरकली जाते. बोरॉनवर बसलेलं वलय उचलून पॅलॅडियमवर आणायचं, आणि बदल्यात पॅलॅडियमवरचा ब्रोमीन सोडायचा, एवढं या पायरीत होतं. या पायरीत पॅलॅडियम दोनवरच राहतं, त्याची अवस्था बदलत नाही. अडचण बोरॉनची असते. त्याच्याकडे एक रिकामा कक्षक असतो, म्हणजे तो स्वतःच इलेक्ट्रॉनचा भुकेला. कार्बनशी असलेला त्याचा बंधही फारसा ध्रुवित नसतो. असा बोरॉन आपलं वलय आपणहून कुणाला देत नाही. म्हणून नुसतं बोरॉनिक आम्ल आणि पॅलॅडियम ब्रोमाइड एकत्र ठेवले तर जोडणी जवळजवळ थांबून राहते. बेस घातला की ती चालू होते. प्रश्न असा की बेस नेमकं करतो काय?

पुष्कळ वर्षं याला दोन उत्तरं दिली जात होती. पहिलं उत्तर सरळ आहे: हायड्रॉक्साइड बोरॉनच्या रिकाम्या कक्षकात बसतो, बोरॉन चार बंधांचा ऋणभारित बोरेट होतो, त्याचं वलय आता इलेक्ट्रॉनने समृद्ध होतं आणि पॅलॅडियमवर उडी घेतं. दुसरं उत्तर उलट्या दिशेने येतं: हायड्रॉक्साइड आधी पॅलॅडियमवरच्या ब्रोमीनची जागा घेतो, आणि त्या पॅलॅडियम हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन साध्या, तटस्थ बोरॉनिक आम्लातल्या बोरॉनला धरतो. दोन्ही वाटांनी पॅलॅडियम, ऑक्सिजन आणि बोरॉन अशी एक साखळी तयार होते, आणि तिच्या आतूनच वलय बोरॉनवरून पॅलॅडियमवर सरकतं.

२०११ साली ब्रॅड कॅरो आणि जॉन हार्टविग यांनी दोन्ही बाजूंचे रेणू वेगवेगळे बनवून त्यांचा वेग मोजला. पॅलॅडियम हायड्रॉक्साइड आणि बोरॉनिक आम्ल यांची प्रतिक्रिया, पॅलॅडियम हॅलाइड आणि बोरेट यांच्या प्रतिक्रियेपेक्षा सुमारे दहा हजार पटीने वेगवान निघाली. सौम्य बेसच्या पाण्यात दुसरी वाट पुढे जाते, असं त्यावरून ठरलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ख्रिश्चन आमातोर आणि ॲनी जुटां यांनीही तशीच बाजू मांडली आणि एक जास्तीची गोष्ट दाखवली: हायड्रॉक्साइड उपयोगी आहे आणि उपद्रवीही. पॅलॅडियमला हायड्रॉक्साइड देणं हे त्याचं चांगलं काम. सगळं बोरॉनिक आम्ल बोरेटमध्ये बदलून टाकणं हे त्याचं वाईट काम, कारण मग पॅलॅडियम हायड्रॉक्साइडला पकडायला तटस्थ बोरॉनिक आम्लच उरत नाही. २०१६ मध्ये इलिनॉयचे स्कॉट डेनमार्क आणि त्यांचे सहकारी यांनी अतिथंड तापमानात चुंबकीय अनुनादाने ती पॅलॅडियम-ऑक्सिजन-बोरॉन साखळी प्रत्यक्ष टिपली. अनेक वर्षं फक्त फळ्यावर असलेला तो मध्यवर्ती रेणू आता मोजता येण्याजोगा झाला.

मर्कच्या गटासमोर हाच प्रश्न व्यवहाराच्या रूपात आला होता. त्यांनी पाणी आणि बेस यांच्या भूमिकेचा वेगळा अभ्यास केला, आणि हीच दोन नियंत्रणं निर्णायक आहेत असं दाखवलं. कारण समजायला कठीण नाही. पोटॅशियम कार्बोनेट टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकात जवळजवळ विरघळत नाही. थोडं पाणी असेल तरच ते विरघळून हायड्रॉक्साइड देऊ लागतं. पाणी नसेल तर बोरॉनिक आम्लाचे तीन रेणू एकत्र येऊन पाणी गमावतात आणि एक बंदिस्त वलय बनवतात, तेही फोडायला पाणीच लागतं. पाणी फार झालं तर दुसरा धोका वाढतो: कार्बन-बोरॉन बंधाऐवजी कार्बन-हायड्रोजन बंध तयार होतो आणि तुकडा वाया जातो. टेट्राझोलसारखा मोठा गट बोरॉनच्या अगदी शेजारी असल्यावर ट्रान्समेटलेशन दाटीमुळे मंद होतं, आणि वाट पाहत बसलेल्या बोरॉनिक आम्लाला असं बिघडायला वेळ मिळतो. म्हणून पाण्याचं प्रमाण इथे तोलून मापून ठेवावं लागतं. ट्रायटिल गटाचं कामही इथेच कळतं. टेट्राझोलचा मोकळा आम्लधर्मी हायड्रोजन असता तर तुकडा बनवतानाच लागणाऱ्या कार्बन-लिथियमसारख्या तीव्र बेसने आधी तोच गिळला असता. मोकळ्या टेट्राझोलचे नायट्रोजन पॅलॅडियमलाही चिकटून बसू शकले असते.

तिसरी पायरी या सगळ्याच्या मानाने लवकर संपते. पॅलॅडियमवर आता दोन वलयं आहेत. ती एकमेकांना जोडली जातात, पॅलॅडियम दोन इलेक्ट्रॉन परत घेतं आणि शून्यावर येतं. यासाठी एकच अट, पण ती कडक: दोन्ही वलयं शेजारच्या कोपऱ्यांवर असली पाहिजेत, समोरासमोरच्या नाही. या अटीचा पुरावा जॉन स्टिल आणि त्यांचा विद्यार्थी यांनी १९८० मध्ये दिला. त्यांनी पॅलॅडियमवर दोन मेथिल गट घेतले आणि एक असा लिगंड वापरला जो त्यांना समोरासमोरच अडकवून ठेवतो. शेजारी बसलेले मेथिल जुळून इथेन वायू सहज बाहेर पडतो. समोरासमोरचे मात्र तापवूनही जुळले नाहीत. म्हणून लोसार्टनच्या बाबतीत, समोरासमोर असलेली वलयं आधी फिरून शेजारी यावी लागतात आणि मगच बंध पडतो. अवजड लिगंड इथे मदतच करतो: दाटी कमी करण्यासाठी पॅलॅडियमला दोन वलयं सोडून देणं सोयीचं होतं.

```
cis-Ar–Pd(II)(Ar')L2 → Ar–Ar' + Pd(0)L2
```

फेरी पूर्ण झाली की पॅलॅडियम पुन्हा पुढच्या ब्रोमाइडकडे वळतं. शंभर ब्रोमाइडमागे एक पॅलॅडियम घातलं आणि नव्वदच्या पुढे रेणू तयार झाले, तर एकेका अणूने सरासरी नव्वदहून अधिक फेऱ्या घातल्या. फेरीच्या आधीचा एक टप्पाही उत्तरात असायला हवा आणि तो बहुधा सुटतो. बाटलीतलं पॅलॅडियम ॲसिटेट दोन अवस्थेत असतं, फेरी शून्यापासून सुरू होते. त्याला शून्यावर कोण आणतं? काही ठिकाणी फॉस्फिन स्वतः ऑक्साइड होऊन ते काम करतं. काही ठिकाणी दोन बोरॉनिक आम्लं पॅलॅडियमवर लागोपाठ वलयं देतात आणि ती एकमेकांना जुळतात. या दुसऱ्या मार्गाने स्वतःशीच जुळलेली जोडी थोडी बनते, पण ती जास्तीत जास्त पॅलॅडियमच्या मात्रेएवढी.

ही मर्यादा निदानाला फार उपयोगी आहे. एक टक्का पॅलॅडियमच्या प्रतिक्रियेत स्वतःशी जुळलेली टेट्राझोलची जोडी एक टक्क्याच्या वर जाऊ लागली, तर भांड्यात हवा शिरली आहे असं समजावं. ऑक्सिजन शून्य पॅलॅडियमला पुन्हा दोनवर नेतो आणि तेच स्वतःशी जुळवणं वारंवार घडतं. उपाय म्हणजे द्रावकातून नायट्रोजन सोडून हवा बाहेर काढणं. समजा मिश्रणात ब्रोमाइड तसाच आहे, पण बोरॉन गेलेलं टेट्राझोलचं वलय वाढत आहे, तर ट्रान्समेटलेशन मागे पडलं आहे. ब्रोमाइडही तसाच, बोरॉनिक आम्लही तसंच आणि भांड्याच्या तळाला काळी पूड, तर पॅलॅडियमचे अणू एकत्र येऊन धातू झाले आणि फेरीतून बाहेर पडले. लिगंड कमी पडला असावा. काही वेळा ट्रायफिनाइलफॉस्फिनचंच एखादं फिनाइल पॅलॅडियमवर येऊन ब्रोमाइडच्या तुकड्याला जुळतं, आणि टेट्राझोलच्या जागी साधं वलय असलेली अशुद्धी सापडते. कोणती अशुद्धी किती, हे बघून कोणती पायरी अडकली ते सांगता येतं. ज्याला तीन पायऱ्यांचं चित्र पाठ आहे पण हे ओळखता येत नाही, त्याला चक्र अजून कळलेलं नाही, असं मी म्हणेन.

नेगिशी, स्टिल, कुमाडा या जोडण्यांत पहिली आणि तिसरी पायरी हीच. बदलतो तो दुसऱ्या पायरीतला धातू: नेगिशीत जस्त, स्टिलमध्ये कथील, कुमाडात मॅग्नेशियम. जस्त आणि मॅग्नेशियमचं वलय पॅलॅडियमवर सहज येतं, पण हे संयुग पाण्याने बिघडतात. कथील पाणी सोसतं, पण त्याचे अवशेष विषारी. बोरॉन पाणी सोसतो आणि त्याचे अवशेष बरेच सौम्य, म्हणूनच औषधांच्या कारखान्यात त्याला पसंती. हेक जोडणीत मात्र ट्रान्समेटलेशन नसतंच. तिथे अल्कीन पॅलॅडियम-कार्बन बंधात शिरतं आणि बीटा हायड्राइड निघून जातं. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना नोबेल एकत्र मिळालं, म्हणून हेकच्या चक्रातही ट्रान्समेटलेशनचा बाण काढू नये.

लोसार्टनच्या बाबतीत बंध तयार झाला तरी एक हिशेब बाकी राहतो. जोडणीनंतर ट्रायटिल आम्लाने काढणं आणि पोटॅशियम क्षार बनवणं एवढीच मोठी कामं उरतात, म्हणजे पॅलॅडियम औषधाच्या फार जवळ आलेलं असतं. लोसार्टन पोटॅशियमचा रेणूभार सुमारे ४६१ आणि पॅलॅडियमचा अणुभार १०६. एक टक्का पॅलॅडियम वापरलं आणि त्यातलं काहीच बाहेर काढलं नाही, तर ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळजवळ ११५ मायक्रोग्रॅम पॅलॅडियम येईल. तोंडाने घ्यायच्या औषधासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणून कोळसा किंवा गंधकधारी सिलिका यांवरून द्रावण नेऊन पॅलॅडियम पकडून घ्यावं लागतं. स्फटिकीकरणातही त्यातलं बरंच मागे द्रावणात राहतं. शेवटी आयसीपी-एमएस यंत्रावर दशलक्ष भागांत किती भाग उरले ते मोजलं जातं, आणि तो आकडा मर्यादेत बसला तरच तो साठा गोळ्या बनवायला पुढे जातो.